हिरव्या आईचा ट्रे

गुलबासाचं झाड आमच्याकडं कुणी लावत नाही. ते येतं. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं, उकिरड्याच्या कडेला, शाळेच्या भिंतीला. त्याचं काळं, मिऱ्यासारखं बी पोरी ठेचून आतलं पांढरं पीठ तोंडाला लावतात. आमच्या घरामागच्या मोरीजवळ अशीच एक पांढऱ्या फुलाची गुलबास होती. तिची काही पानं हिरवी, काही हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांची, आणि एक फांदी अशी की तिची सगळीच पानं दुधासारखी पांढरी. आई म्हणायची, झाडाला कोड फुटलंय, काढून टाका. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्याच झाडाचा गड्डा मातीसकट गोणपाटात बांधून जळकोटहून एस.टी.नं लातूरला नेला. कंडक्टर म्हणाला, "ताई, रताळं हाय का?" मी म्हटलं, "न्हाई, प्रबंध हाय." तो हसला. मी चेष्टा करत नव्हते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवत होते आणि अजूनही मिरवते. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. वडील शेती करतात, सोयाबीन आणि तूर, आणि बियाणं या विषयात त्यांना कुणी शिकवलेलं चालत नाही. पण मी गड्डा उपटायला लागले तेव्हा ते कुदळ घेऊन आले आणि मुळं न तोडता तो काढून दिला. "असलं झाड घेऊन काय करून राहिलीस?" असं एकदाच विचारलं. मी सांगितलं, पानाचा हा रंग कुणाकडनं येतो ते बघायचंय, आईकडनं का बापाकडनं. ते म्हणाले, "मग आईलाच विचार की."

गंमत म्हणजे उत्तर तेच होतं.

पानाला हिरवं करणारे जे कण पेशीत असतात, ज्यांना पुस्तकात हरितलवक म्हणतात, त्यांचा स्वतःचा वेगळा वारसा असतो. फुलाचा रंग आई आणि बाप दोघांकडून येतो. लाल फुलाची आणि पांढऱ्या फुलाची गुलबास एकमेकींशी जुळवली की पोरं गुलाबी येतात, मग परागकण लालचा घ्या की पांढरीचा. आई-बाप उलटे केले तरी फरक पडत नाही. पण हिरवे कण पोराला मिळतात ते ज्या फुलात बी धरलं त्या फुलाच्या अंडपेशीतून. गुलबासाचा पराग ते आणत नाही. म्हणून हिरव्या झाडाच्या फुलात ठिपकेवाल्या झाडाचा पराग घातला तर सगळी पोरं हिरवी. उलट केलं, ठिपकेवाल्या फांदीच्या फुलात हिरव्या झाडाचा पराग घातला, तर पोरं तिन्ही तऱ्हेची, हिरवी, पांढरी, ठिपक्यांची, आणि त्यांचं काही ठरलेलं प्रमाण नाही. मटारावर शिकवतात ते तीनास एक वगैरे इथं शोधायला जाऊ नये. ठिपकेवाल्या फांदीच्या पेशीत चांगले आणि फिके असे दोन्ही कण मिसळलेले असतात. एका पेशीच्या दोन होताना ते कसेही वाटले जातात. कुठल्या अंडपेशीत काय गेलं ते तिचं तिला.

हे शंभराहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. आमच्या सरांनी तोच जुना प्रयोग आम्हाला दिला होता, दोघींना मिळून. सर म्हणजे आमचे मार्गदर्शक, वनस्पतिशास्त्र विभागाचे. त्या वर्षी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी एकच जागा होती, आणि त्यांनी वर्गात उघड सांगितलं होतं की ती जागा मी तुम्हा दोघींपैकी एकीला देणार. मला ती हवी होती. आडपडदा न ठेवता सांगते, त्या दोन वर्षांत मला दुसरं काहीच नको होतं. ती मिळाली नाही तर गावाकडनं पाहुणे यायला लागणार होते बघायला, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

दुसरी म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण. उदगीरची. वडिलांचं तिथं किराणा दुकान. हॉस्टेलला आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. माझी भाकरी तिला आवडायची, तिच्या घरचा चिवडा मला. मी तापानं पडले होते तेव्हा तिनं माझे कपडे धुतले होते. ती मला "बाई" म्हणायची, मी तिला "शेटाणी" म्हणायची. दोघीही चिडायचो नाही.

काम आम्ही वाटून घेतलं. ठिपकेवालं झाड माझं, म्हणजे त्याच्या फुलात बी धरायचं काम माझं. हिरवं झाड तिचं. हिरवं, लाल फुलाचं, ते कॉलेजच्या फाटकाजवळच्या वाफ्यात होतं. माझ्या कुंड्या, त्या गड्ड्याचे तुकडे लावलेल्या, प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला.

गुलबासाची कळी दुपारी फुगते आणि संध्याकाळी उमलते. म्हणजे उमलायच्या आधी, उन्हाचं, कळी फुगलेली असते तेव्हा सुईनं तिची नळी चिरायची, चिमट्यानं आतले पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे ती स्वतःचाच पराग घेणार नाही. मग बटर पेपरचं पाकीट चढवायचं. संध्याकाळी दुसऱ्या झाडाचं उमललेलं फूल आणून त्याचा पराग कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, टेकवायचा, परत पाकीट, आणि देठाला दोऱ्यानं चिठ्ठी. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं. ही रीत जगभर सारखी आहे, आई आधी. आणि एवढं करून एका फुलाला एकच बी. म्हणजे शंभर बिया हव्यात तर शंभर कळ्या चिराव्या लागतात.

"तुझ्याकडं तरी मज्जा हाय," ती म्हणायची. "पांढरं येतंय का ठिपक्याचं, बघायला तरी मिळंल. माझ्याकडं काय, सगळं हिरवंच. हिरवं ते हिरवं. त्याच्यासाठी उन्हात मरायचं."

"शेटाणी, हिरवं आलं म्हणूनच तर माझं खरं ठरतंय."

"म्हणजे मी तुझी साक्षीदार. फुकटची."

आम्ही हसलो. मला तेव्हा त्या बोलण्यात काही दिसलं नाही.

महालक्ष्म्यांना मी गावी गेले. आमच्याकडं तीन दिवस बाहेर पडू देत नाहीत, आणि पुढं आणखी दोन दिवस आजोळी गेले. ती उदगीरला एक दिवस जाऊन परतणार होती, म्हणून माझ्या कुंड्यांना पाणी घालायचं तिच्यावर सोपवलं. मी आले तर कॉलेज ओळखू येईना. कुठली तरी तपासणीची कमिटी येणार होती. दगडांना चुना, फाटकाला नवा रंग, आणि वाफ्यातलं सगळं वाढलेलं झाडझाडोरं विळ्यानं जमिनीलगत कापलेलं. हिरव्या गुलबासाचं तर नुसतं खुंट राहिलं होतं.

मी पळतच खोलीवर गेले. ती केस विंचरत होती.

"शेटाणी, झाड कापलं गं!"

"मला काय सांगतीस, मीच बघितलं." तिनं टेबलावरचं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. "कापायच्या आदल्या दिवशी काढून ठेवलं बी. हे घे."

"सगळं?"

"जेवढं पिकलं होतं तेवढं. चिठ्ठ्या मात्र पावसात लगदा झाल्या होत्या. फेकून दिल्या."

मी तिला मिठी मारली. खरंच मारली. तिचा कंगवा माझ्या पाठीला टोचलेला अजून आठवतो. "वाचवलंस बघ तू," मी म्हटलं. ती म्हणाली, "चहा पाज मग." मी पाजला. मग बसून त्या बियांसाठी माझ्या हातानं नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, कारण अक्षर माझं चांगलं. आई हिरवी, बाप ठिपक्याचा. ट्रेवरची पट्टीही मीच लिहिली.

दसऱ्याच्या सुमाराला आम्ही बी पेरलं. माझे ट्रे पुस्तकासारखे उगवले. हिरव्या फांदीच्या बियांची रोपं हिरवी. पांढऱ्या फांदीची पांढरी, मेणासारखी, जी बियातलं अन्न संपलं की माना टाकणार होती आणि तशी ती टाकलीही. ठिपकेवाल्या फांदीची तिन्ही तऱ्हेची.

आणि तिच्या ट्रेतही तिन्ही तऱ्हेची आली.

मी सकाळी झारी घेऊन गेले होते. आधी वाटलं ट्रे बदलला. पट्टी वाचली, माझंच अक्षर. हिरवी आई. आणि तिच्या पोटी पांढरी पोरं, ठिपक्यांची पोरं. मी झारी तिथंच ठेवून सरांच्या घरी गेले. चप्पल घालायची राहिली होती हे त्यांच्या बायकोनं सांगितलं.

सर आले, वाकले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बापाकडून आलं?" ते स्वतःशीच म्हणाले. जिरॅनियमसारख्या काही झाडांत हे कण दोन्हीकडून येतात, हे आम्ही वाचलं होतं. पण गुलबासात? गुलबास तर या नियमाचं नमुन्याचं झाड. सरांनी माझ्याकडं पाहिलं. तशी नजर त्यांनी माझ्यावर कधी टाकली नव्हती. "कळ्या नीट चिरल्या होत्या? पाकिटं होती?"

"हाव सर," मी म्हटलं. तिचं काम होतं, पण मी तिच्यासाठी हो म्हटलं. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनंही मान हलवली.

त्यानंतरचा महिना मी जमिनीपासून वीतभर वर चालत होते. सरांनी ठरवलं, दिवाळीनंतरच्या विभागाच्या सेमिनारमध्ये हे मांडायचं. नांदेडहून एक मॅडम तज्ज्ञ म्हणून येणार होत्या. मी म्हटलं, दोघी मिळून मांडू. ती म्हणाली, "नगं बाई, तूच सांग. तुला बोलता येतं. मला लोकांसमोर घाम फुटतो."

"अगं पण ट्रे तुझा आहे."

"झाड तुझं आहे ना. तुझ्या मोरीवरचं."

एवढं बोलून ती बाहेर गेली. मला वाटलं किती मोठ्या मनाची आहे. मी घरी फोन करून सांगितलं. वडिलांनी नीट समजून घेतलं, दोनदा विचारलं, आणि मग जळकोटच्या बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले की मोरीवरच्या झाडात पोरीनं असलं काही शोधलंय की पुस्तकं बदलावी लागणार. पुस्तकं बदलायची गोष्ट मी केली नव्हती. त्यांनी केली. पण मी ती खोडलीही नाही.

सेमिनारला मी बोलले. चांगलं बोलले. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणारी मी, त्या दिवशी एकदाही अडखळले नाही. टाळ्या झाल्या. मग नांदेडच्या मॅडम उठल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, बोलणं हळू.

"ही रोपं फुलावर आली का?"

"अजून नाही मॅडम."

"आई लाल फुलाची, बाप पांढऱ्या फुलाचा. बरोबर?"

"हो मॅडम."

"मग पोरं गुलाबी फुलली पाहिजेत. ठिपकेवालीसुद्धा. तसं फूल आलं तर मी स्वतः तुझं अभिनंदन करायला लातूरला येईन. लाल आलं तर झाडानं स्वतःचाच पराग घेतला. पण मग पानं ठिपक्यांची का, हा प्रश्न राहील." त्यांनी पेनला टोपण लावलं. "आणि पांढरं आलं तर तुझं तूच बघ."

मी म्हटलं, "गुलाबीच येतील मॅडम." एवढ्या ठामपणे की सर हसले. मी पाठीमागच्या रांगेकडं पाहिलं. ती खाली मान घालून ओढणीचा दोरा ओढत होती. मला वाटलं, घाम फुटला असेल. माझ्यासाठी.

रोपं मी कुंड्यांत लावली. थंडीत पिशव्यांनी झाकली. फुलायला माघ उजाडला. आधी माझी झाडं फुलली, ठिपकेवाल्या आईची पोरं. सगळी गुलाबी. मी खूश. त्यांना दोन्हीकडचं मिळालं होतं, फुलात बाप दिसत होता आणि पानात आई. मग एका संध्याकाळी तिच्या ट्रेतल्या झाडाची पहिली कळी उलली.

पांढरी.

मी म्हटलं, एक असेल. दुसऱ्या दिवशी आणखी चार. पांढरी. आठवडाभरात त्या रांगेतलं एकही झाड असं राहिलं नाही ज्याला गुलाबी छटा असेल. ठिपकेवालीही पांढरी, हिरव्या पानांचीही पांढरी. त्या फुलांत लाल झाडाचं काहीच नव्हतं. म्हणजे लाल झाड त्यांची आई नव्हतं. लाल झाडाचा त्यांच्याशी संबंधच आलेला नव्हता. ती माझ्या मोरीवरच्या झाडाची पोरं होती, आई तेच आणि बापही तेच. माझ्या कुंड्यांखाली पडलेलं, वेचलेलं बी.

मी कुंड्यांसमोर बसले. अर्धा तास बसले असेन. मग खोलीवर गेले. ती इस्त्री करत होती.

"फुलं पांढरी आलीत," मी म्हटलं.

ती थांबली नाही. "सगळी?"

"सगळी."

"मग आता?"

"मग आता तू सांग."

तिनं इस्त्री उभी ठेवली. बटण बंद केलं. मग बोलली, तेही भिंतीकडं बघत. "मी उदगीरहून आले तर झाड कापलेलं होतं. चिठ्ठ्यांसकट. ढिगात शोधलं, पण त्यांनी ट्रॉलीत भरून नेलं होतं. मी रडले गं तिथं. मग तुझ्या कुंड्यांखाली बी पडलेलं होतं. मी म्हटलं, गुलबास ती गुलबास. सगळी हिरवीच येतील. कुणाला कळतंय?"

"हिरवीच येतील? ठिपक्याच्या झाडाचं बी, आणि हिरवीच?"

"मला वाटलं तूच म्हणाली होतीस, तिच्यात हिरवी पण येतात म्हणून. हिरव्या फांदीखालचंच वेचलं होतं मी. मिसळलं असेल."

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी. हिरव्या फांदीखाली पडलेलं बी म्हणजे हिरव्या फांदीचं बी, असं तिला वाटलं. गुलबासाचं बी गोल असतं, घरंगळतं. कुठल्या फांदीचं कुठं गेलं, कोण सांगणार?

"झाड कापलं, हे मला सांगायला काय झालं होतं? परत केलं असतं आपण. मी केलं असतं तुझ्या वाटचं."

"तू केलं असतंस. आणि सरांना सांगितलं असतंस, सगळं मीच केलं म्हणून."

"मी असं केलं असतं?"

"जागा एकच आहे ना बाई."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दोन वर्षं ती माझ्यासोबत राहिली त्यात ती रोज हे मोजत होती. मी मोजत होते, पण तिला धरून नव्हते मोजत. माझ्या मनात ती आणि मी अशा दोघी कधी समोरासमोर उभ्याच नव्हत्या.

"ट्रे उगवला तेव्हा तुला कळलं होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

"हाव."

"सेमिनारला मी उभी राहिले तेव्हा."

तिनं इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

"मला सांगायचंस ना. तोंड उघडायचं होतंस. मी तुझ्यासाठी 'हाव सर' म्हटलं होतं."

"तू किती खूश होतीस," ती म्हणाली. "कसं सांगणार?"

मला ओरडता आलं असतं, आमच्या घरात ओरडायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण ओरडण्यातून काय मिळणार, हे समोर दिसत होतं. मी म्हटलं, "उद्या सरांकडं जाऊ. तू सांग."

"जाऊ," ती म्हणाली.

गेलो. सरांनी आधी फुलं पाहिली. त्यांचा चेहरा उतरला, तो माझ्यामुळं नाही, त्या निकालावर त्यांनीही काहीतरी बांधलं होतं. मग ते खुर्चीत बसले. "बी बदललं. कसं?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती सरांकडं बघत होती. "सर, मी बी काढून हिला दिलं होतं. पुढं चिठ्ठ्या हिनंच लिहिल्या. ट्रेवरची पट्टीही हिनंच लिहिली. मला पुढचं माहीत नाही."

शेवटचं सोडलं तर प्रत्येक शब्द खरा होता. 'काढून दिलं' म्हणाली, कुठून काढलं ते म्हणाली नाही. सर माझ्याकडं वळले.

मी सगळं सांगितलं. झाड कापलं, बी कुठलं, काल खोलीत काय बोलणं झालं. सांगताना माझ्याच लक्षात येत होतं की मी ओरडत नाही तरी ओरडल्यासारखं ऐकू येतंय. ती मध्येच हळू म्हणाली, "असं काही बोलणं झालं नाही सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "चिठ्ठी तुझ्या अक्षरात आहे. ट्रे तुझ्या अक्षरात आहे. सेमिनारला दावा तुझ्या तोंडून झाला. ही त्या दिवशी काही बोलली नाही, आजही तुझ्यावर आळ घेत नाही. मी काय समजायचं?"

"सर, रोपांनी सांगितलंय आई कोण आणि बाप कोण ते."

"ते सांगितलं. बी कुणी वेचलं ते रोप सांगत नाही."

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. शास्त्र त्यांनी बरोबर सांगितलं होतं. माणूस ओळखायला ते चुकले, आणि त्यांच्याआधी मीही.

मी खोली बदलली. ज्या दिवशी बदलली त्या दिवशी तिनं माझ्या बादलीला हात लावून विचारलं, "ही तुझी का माझी?" मी म्हटलं, "ठेव तू."

वडिलांना फोन करायला मला चार दिवस लागले. मी म्हटलं, पुस्तकं बदलायची नाहीत, पुस्तकात होतं तेच खरं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू खोटं बोललीस का?" मी म्हटलं, "नाही." "मग बास." मग म्हणाले, "लोकांना मी सांगतो." काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

फाटकाजवळच्या हिरव्या गुलबासाच्या खुंटाला उन्हाळ्याच्या तोंडी धुमारे फुटले. गड्डा खाली असतो, ती मरत नाही. मी रोज पाणी घातलं आणि तिला कळ्या आल्यावर एकटीनं बसून चिरल्या. चैत्राचं ऊन लातूरचं, डोक्यावर टॉवेल, हातात सुई. संध्याकाळी ठिपकेवाल्या झाडाचा पराग. एक फूल, एक बी. पाकिटं काढताना, बी पिकल्यावर ते उचलताना, पेरताना कुणालाही हात लावू दिला नाही. वैशाखात रोपं आली. सगळी हिरवी. एकूणएक. बापाच्या ठिपक्यांची खूणही नाही. फुलांसाठी थांबायला वेळ नव्हता, तरी दोन झाडं मी हॉस्टेलच्या मागं लावली आणि पुढं पावसाळ्यात ती गुलाबी फुलली, हे मला तिथल्या मावशीनं फोनवर सांगितलं.

प्रबंधात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. सेमिनारचा दावा मागं घेते, असं स्वतःच्या सहीनं लिहिलं. तिच्याबद्दल लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखा पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय लिहायचं नाही हे मी सरांकडूनच शिकले होते.

जागा तिला मिळाली. यादी लागली त्या दिवशी मी लातूरच्या स्टँडवर होते, लोह्याच्या गाडीत सामान चढवत. लोह्याला एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर काम मिळालं होतं. तिथून पुढं नांदेडला. बघायला पाहुणे आले, मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. वडील मधे पडले नाहीत. आता नांदेडच्या कॉलेजात मी शिकवते. गुलबासाचा प्रयोग माझ्या वर्गात दरवर्षी होतो आणि पोरापोरींना मी काम वाटून देत नाही. जो करेल त्यानं दोन्ही बाजू स्वतः करायच्या. पोरं कुरकुरतात, डबल काम म्हणतात. करू देत.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. नंबर माझ्याकडं नव्हता, आवाज ओळखला. "बाई," म्हणाली. मी नुसतं "बोल" म्हटलं. तिचा पीएच.डी.चा प्रबंध छापायला चालला होता. विषय दुसरा, पण पहिलं प्रकरण आमच्या त्या गुलबासावर होतं, मी एकटीनं उगवलेल्या वैशाखातल्या त्या हिरव्या रोपांवर. सरांच्या परवानगीनं घेतलंय, असं ती म्हणाली.

"आभाराच्या पानावर तुझं नाव टाकतेय. सगळ्यात आधी. मला वाटलं तुला सांगावं."

"टाकू नको," मी म्हटलं.

"अगं, एवढी वर्षं झाली. मला चांगलं वाटत नाही गं."

"टाकायचंच असेल तर पहिल्या ट्रेतलं बी कुठून वेचलं होतंस ते लिही. त्याच्या शेजारी माझं नाव टाक. चालेल मला."

पलीकडं टीव्ही चालू होता. कुणीतरी लहान मूल तिला हाक मारत होतं. ती म्हणाली, "बघते." मग फोन ठेवला.

तो प्रबंध आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आला असणार. आमच्या कॉलेजपासून रिक्षानं पाऊण तास. मी अजून गेले नाही. तिनं काय लिहिलं नसेल ते मला माहीत आहे.